स्वतंत्र संचालक कोणत्या कंपनीला लागतात? 'प्रायव्हेट' कंपनीला सूट का मिळते?

जून 2023 मध्ये बायजूज् या शिक्षण कंपनीचे लेखापरीक्षक डेलॉइट यांनी राजीनामा दिला. 2021-22 चे हिशेब वेळेत मिळाले नाहीत, हे त्यांचे कारण होते. त्याच सुमारास गुंतवणूकदारांचे तीन प्रतिनिधी संचालक मंडळातून बाहेर पडले. मंडळात उरले तिघे: संस्थापक बायजू रवींद्रन, त्यांच्या पत्नी आणि त्यांचे भाऊ. एवढ्या मोठ्या कंपनीत एकही स्वतंत्र संचालक नव्हता आणि कायद्याने तशी सक्तीही नव्हती. कारण तिचे नाव होते 'थिंक अँड लर्न प्रायव्हेट लिमिटेड'.

नियम काय आहे?

कंपनी कायदा 2013 आधी कंपनीचा प्रकार पाहतो, आकार नंतर. शेअर बाजारात नोंदलेल्या पब्लिक कंपनीत किमान एक तृतीयांश संचालक स्वतंत्र असावे लागतात. बाजारात नसलेल्या पब्लिक कंपनीचे भरणा झालेले भांडवल 10 कोटी किंवा उलाढाल 100 कोटी रुपये असेल, अथवा कर्जे आणि ठेवी मिळून 50 कोटींपेक्षा जास्त असतील, तर किमान दोन स्वतंत्र संचालक लागतात. तीनपैकी एक अट लागू झाली तरी पुरे.

म्हणजे 120 कोटींची उलाढाल असलेल्या पब्लिक कंपनीला हा नियम लागू होतो, पण हजारो कोटींच्या प्रायव्हेट कंपनीला होत नाही. एक अपवाद लक्षात ठेवावा: प्रायव्हेट कंपनी एखाद्या पब्लिक कंपनीची उपकंपनी असेल, तर कायदा तिला पब्लिकच मानतो.

ऑडिट कमिटी काय करते?

वरच्याच कंपन्यांना ऑडिट कमिटीही नेमावी लागते. तिच्यात किमान तीन संचालक असतात आणि त्यांत बहुमत स्वतंत्र संचालकांचे असते. लेखापरीक्षक कोण असावा याची शिफारस ही कमिटी करते. मंडळापुढे जाण्याआधी हिशेब ती तपासते. प्रवर्तकांच्या नातेवाइकांशी किंवा त्यांच्या दुसऱ्या कंपनीशी होणाऱ्या व्यवहारांना तिची मंजुरी लागते. प्रायव्हेट कंपनीत हे प्रश्न विचारणारे बहुधा मालकच असतात.

मग सूट का?

प्रायव्हेट कंपनीत भागधारक 200 पर्यंतच असू शकतात आणि तिला जनतेकडून शेअर विकून पैसा उभारता येत नाही. गुंतवणूकदारांनी करारातून स्वतःचे रक्षण करावे, असे कायदा गृहीत धरतो. कर्मचारी आणि आगाऊ फी भरणारे ग्राहक मात्र त्या करारात नसतात.

स्वतंत्र संचालक असले म्हणजे पुरे का?

नाही. सत्यम कॉम्प्युटर्समध्ये ते होते. डिसेंबर 2008 मध्ये त्यांच्यासह मंडळाने प्रवर्तकांच्या कुटुंबाशी संबंधित मायटास कंपन्या विकत घ्यायला मान्यता दिली. गुंतवणूकदार भडकल्यावर तो व्यवहार मागे घ्यावा लागला आणि 7 जानेवारी 2009 रोजी अध्यक्ष रामलिंग राजू यांनी हिशेबातील घोटाळ्याची कबुली दिली.