तीन ताव कागद

जपानी वा चिनी भाषेत संख्या आणि नाम यांच्यामध्ये एक शब्द घालावा लागतो. तीन गायी म्हणता येत नाही. ‘तीन डोकी गायी’ म्हणावे लागते. या मोजणीशब्दांचा परिचय करून देताना आम्ही वर्गात वर्षानुवर्षे इंग्रजीचाच आधार घेत आलो. इंग्रजीत कागद ‘शीट’ने मोजतात, आपण तावाने मोजतो. कागद हे द्रव्य; त्याला आकार दिल्यावाचून ते मोजता येत नाही. चिनी माणसाला सारीच नामे अशी द्रव्यासारखी भासतात, म्हणून त्याला सर्वत्र ‘ताव’ लागतो, असा आमचा निष्कर्ष असे.

इतिहास पाहिला तेव्हा हा निष्कर्ष डळमळला. चीनमधील सर्वांत जुने लेखन, इ.स.पू. १२०० च्या सुमाराचे, भविष्यकथनासाठी वापरलेल्या हाडांवर आहे. तिथे संख्या बहुधा थेट नामाला लागते. क्वचित नामाचीच पुनरुक्ती होते; ‘च्यांग शंभर च्यांग’, म्हणजे च्यांग जमातीचे शंभर बंदी. पुढे अभिजात चिनीतही ‘तीन माणसे’ हे दोनच शब्दांत सांगता येई. मोजणीशब्द नसताना मोजणी अडत नव्हती, तर मग नामे मुळातच द्रव्यवाचक होती असे कसे म्हणावे?

‘मेइ’ या एका शब्दाचा प्रवास पाहू. त्याचा मूळ अर्थ झाडाचे खोड. हान काळात (इ.स.पू. २०६ ते इ.स. २२०) तो जवळजवळ कोणत्याही वस्तूसाठी चालणारा, आपल्या ‘नगा’सारखा शब्द झाला, खोडाचा त्यात मागमूस उरला नाही. पुढे ते स्थान दुसऱ्या शब्दाने घेतले आणि आजच्या चिनीत ‘मेइ’ मुख्यतः नाणी, पदके अशा लहान वस्तूंपुरता राहिला. हेच अक्षर जपानात ‘माइ’ या उच्चाराने रुळले आणि तिथे सपाट, पातळ वस्तूंना लागू झाले: कागद, बशा, सदरेसुद्धा. तीन कागद म्हणजे ‘कामि सान-माइ’. खोडापासून बशीपर्यंतचा हा प्रवास कोणत्याही तर्काने आधी सांगता आला नसता.

इंग्रजीतील ‘हेड ऑफ कॅटल’ म्हणूनच ‘शीट’पेक्षा अधिक जवळचे उदाहरण वाटते. इथे ‘हेड’ला बहुवचनाचा प्रत्यय लागत नाही; वीस असली तरी ‘हेड’च. चिनीतही गुरे डोक्यानेच मोजतात. (गंमत अशी की ‘कॅटल’ हा शब्दही लॅटिनमधील डोके या अर्थाच्या ‘कापुत्’पर्यंत जातो. मधल्या टप्प्यावर त्याचा अर्थ मालमत्ता असा होता.) तरीही फरक आहेच. गुराख्याने ‘थ्री काउज’ म्हटले तर इंग्रजीचे व्याकरण हरकत घेत नाही. आजच्या चिनीत ‘डोके’ गाळून ‘तीन गाय’ म्हटले तर वाक्य सामान्यतः अपुरे वाटते.

वर्गात आम्ही आता ‘ताव’ शेवटी सांगतो.