जस्ताचं चिन्ह

जॉन डॅनियलने १८३६ साली लंडनमध्ये जस्त-तांब्याचा सेल बनवला. जस्त विरघळतं, Zn → Zn²⁺ + 2e⁻. तांबं जमतं, Cu²⁺ + 2e⁻ → Cu. लिहायचं असं: Zn | Zn²⁺ || Cu²⁺ | Cu. टेबलात जस्त −०.७६, तांबं +०.३४. उजव्यातून डावं वजा केलं की १.१० व्होल्ट.

गंमत म्हणजे, जुन्या अमेरिकन पुस्तकांत जस्त चक्क +०.७६ दिसतं! ही छपाईची चूक नव्हे. लॅटिमरने १९३८ च्या पुस्तकात ऑक्सिडेशनचे आकडे दिले होते. युरोपात चिन्ह उलटं चालायचं. शेवटी १९५३ मध्ये स्टॉकहोमला आययूपॅकने रिडक्शनच्या बाजूने निकाल दिला.

म्हणून टेबल हातात आलं की मी आधी जस्त बघतो. उणे असेल तर उजवं वजा डावं. अधिक असेल तर डावं वजा उजवं, नाहीतर चांगला चालणारा सेल कागदावर −१.१० होऊन बसतो.