गडावरची शाळा, गोरखीची शाळा

गोपाचलाच्या मूर्तींचं दर्शन घेऊन मान वर केली, की ग्वाल्हेरचा किल्ला दिसतो. त्या किल्ल्यावर सिंदिया स्कूल आहे. खाली लष्करात, महाराज बाड्याजवळ, गोरखीची सरकारी शाळा. आमच्या गावात मुलांच्या शाळेचा प्रश्न या दोन जागांमध्येच घुटमळत आला आहे.

गडावरच्या शाळेची सुरुवात 1897 साली झाली. माधवराव महाराजांनी ती काढली सरदारांच्या मुलांसाठी, म्हणून नावही सरदार स्कूल. 1908 मध्ये ती गडावर, गोऱ्या पलटणीच्या रिकाम्या बराकींत गेली आणि 1933 मध्ये पब्लिक स्कूल झाली. म्हणजे आधी कुळ बघून प्रवेश, मग फी बघून. मुलींसाठी तशी शाळा, सिंदिया कन्या विद्यालय, निघाली 1956 मध्ये. मुलग्यांनंतर तब्बल 59 वर्षांनी!

गोरखीत मात्र सामान्य घरची मुलं शिकत. अटलबिहारी वाजपेयी तिथलेच. वडील शिक्षक, घरची परिस्थिती बेताची. पुढे ते व्हिक्टोरिया कॉलेजात गेले. सरकारी शाळेत घातलं म्हणजे मुलाचं नुकसान केलं, असं तेव्हा कुणाला वाटत नसे.

हे सगळं आठवलं ते माझ्या जावेच्या सुनेमुळे. मुलगी चौथीत, सरकारी शाळेत. आता मुलाला पहिलीत घालायचं होतं. "काकू, ह्याला इंग्लिश मीडियममध्येच घालू. दोघांना नाही परवडत, पण एक तरी पुढे जाईल," ती म्हणाली. तो 'एक' कोण, हे घरात कुणी ठरवलं नव्हतं. आपोआपच ठरलं होतं. माझ्या मनात ती 59 वर्षं टोचली.

मी म्हटलं, आधी हिशेब मांडू. फी महिन्याला 2,500, म्हणजे वर्षाचे 30,000. ऑटोचे 900 प्रमाणे दहा महिन्यांचे 9,000. पुस्तकं-गणवेश 8,000. आईला इंग्रजी येत नाही, म्हणून ट्यूशनचे 7,000. झाले 54,000, आणि बोर्डावर दिसत होते फक्त 30,000. शिवाय मध्य प्रदेशच्या 2017 च्या कायद्याप्रमाणे अशी शाळा वर्षाला दहा टक्क्यांपर्यंत फी वाढवू शकते, परवानगी लागते ती त्यापुढे. दरवर्षी दहा टक्के वाढली तर पहिलीची 30,000 फी आठवीत 58,000 च्या वर जाते.

मग दर्जा. तो इमारतीवरून आणि टायवरून कळत नाही. त्या शाळेत चौथीत शिकणारा शेजारचा मुलगा आणि आमची नात, दोघांना मी बोलावलं. त्याला इंग्रजीतला न शिकलेला उतारा दिला, तिला हिंदीतला. त्याने घडाघडा वाचला, पण काय वाचलंस विचारल्यावर गप्प. घरी मराठी, गल्लीत हिंदी. इंग्रजी फक्त वहीपुरती. त्याच्या वहीत उत्तरं सुबक होती, सगळी फळ्यावरून उतरवलेली. नात अडखळली, पण गोष्ट सांगितली. फक्त तिच्या वहीत कित्येक पानं कोरी. पाच वर्गांना दोन शिक्षक, त्यातले एक मतदारयाद्यांच्या कामावर! शिक्षण हक्क कायदाच निवडणूक आणि जनगणनेची कामं शिक्षकांना लावू देतो. तेव्हा सरकारी शाळेचं उणं हेच: शिक्षक शिकलेला असतो, पण वर्गात असेलच असं नाही.

नातीचं ऐकून सून थबकली. "म्हणजे हिचं डोकं चालतं, आणि हिलाच आपण रिकाम्या वर्गात बसवलंय?"

शेवटी चालत जाता येईल अशी एक हिंदी माध्यमाची खाजगी शाळा बघितली. महिन्याला हजार, दोघांचे मिळून वर्षाचे 24,000. पुस्तकं-गणवेशाचे दोघांचे 8,000. एकूण 32,000, म्हणजे एकट्या मुलावर जाणार होते त्याहून 22,000 कमी. इंग्रजी विषय पहिलीपासून आहे, पण मोठेपणी ते बोलताना मुलं अडतील, ही भीती राहिलीच. ती खोटी नाही. नोकरीच्या मुलाखतीत इंग्रजी बघतात, हे सून जाणते. म्हणून वाचलेल्या पैशातून दोघांनाही पुढे इंग्रजीचा क्लास लावायचा, असं ठरलं.

फॉर्म भरताना मी तिला एवढंच सांगितलं, "आधी मुलीचा भर." तिने हसून पेन उचललं, आणि पहिलं नाव तिचंच लिहिलं.