वर्तुळावरची वाटणी

१९९७ साली अमेरिकेतील टेक्सास राज्यात एल पासो या शहरी संगणकशास्त्राच्या तात्त्विक अंगाचा अभ्यास करणाऱ्या पंडितांची वार्षिक परिषद भरली होती. तीत डेव्हिड कार्गर, टॉम लेटन, डॅनियल लेविन व त्यांचे सहकारी यांचा एक निबंध सादर झाला. इंटरनेटवरील एखाद्याच पानासाठी सारे जग एकदम धावले म्हणजे ती गर्दी अनेक संगणकांत कशी वाटून द्यावी, हा त्याचा विषय. ‘कन्सिस्टंट हॅशिंग’ म्हणून आज ओळखली जाणारी रीत ती हीच.

तत्पूर्वीची रीत दिसावयास फार सरळ होती. प्रत्येक पानाच्या नावावरून ठराविक नियमाने एक आकडा काढावयाचा. यालाच हॅश म्हणतात. त्या आकड्याला सर्व्हरांच्या संख्येने भागावयाचे, आणि जी बाकी उरेल त्या क्रमांकाच्या सर्व्हरवर ते पान ठेवावयाचे. संख्या स्थिर असेपर्यंत यात काही बिघडत नाही. पण चारांचे पाच सर्व्हर झाले म्हणजे काय होते ते पाहा. शून्यापासून एकोणीसपर्यंतचे वीस आकडे घ्या, त्यांना आधी चाराने व मग पाचाने भागा. बाकी तीच राहते ती केवळ ०, १, २ आणि ३ या आकड्यांची. उरलेले सोळा आकडे घर बदलतात. नव्या गड्याला कामाचा पाचवा हिस्सा द्यावयाचा, तर चार नग हलले असते तरी पुरे होते! पाने शोधणारा भलत्याच सर्व्हरचे दार ठोठावतो, तेथे ती नसतात, आणि सगळी गर्दी पुन्हा मूळ ठिकाणीच जाऊन आदळते. मदतीला आणलेला गडीच असा संकटाला कारण होतो.

कार्गरप्रभृतींनी भागाकार सोडून दिला. त्यांनी आकड्यांचे वर्तुळ कल्पिले आणि पानांप्रमाणे सर्व्हरांनाही हॅशने त्याच वर्तुळावर जागा दिली. पानाच्या बिंदूपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने जाता जो सर्व्हर प्रथम भेटेल, तो त्या पानाचा धनी. आता नवा सर्व्हर आला तर तो आपल्या पाठीमागचा तेवढा तुकडा पुढच्या शेजाऱ्याकडून घेतो. बाकीच्यांना त्याची वार्ताही नसते.

तथापि येथे एक खोच आहे. वर्तुळाचे शंभर भाग कल्पा आणि अ, ब, क, ड हे चार सर्व्हर अनुक्रमे १०, २५, ७० व ९० या खुणांवर पडले असे समजा. मग अ-कडे २० भाग येतात, ब-कडे १५, क-कडे ४५ आणि ड-कडे २०. वाटणी दैवावर सोपविली की ती अशीच व्हावयाची. त्यातून क बंद पडला, तर त्याचे सगळे ४५ भाग एकट्या ड-च्या गळ्यात पडतात. त्याचा भार २० वरून ६५ वर जातो, आणि कदाचित तोही मान टाकतो.

यावरचा उपाय म्हणजे प्रत्येक सर्व्हरला एक नव्हे, तर शेकडो बिंदू देणे. यांनाच पुढे ‘व्हर्च्युअल नोड’ हे नाव रूढ झाले; कल्पना मात्र १९९७ च्या निबंधातच आहे. बिंदू पुष्कळ झाले की लहानमोठे तुकडे एकमेकांना सावरतात आणि प्रत्येकाचा वाटा पंचविसाच्या आसपास येतो. क गेला तर त्याचे तुकडे वर्तुळभर विखुरलेले असल्यामुळे अ, ब, ड या तिघांवर सुमारे आठ-आठ भागांचा बोजा पडतो. पुष्कळदा सांगितले जाते की व्हर्च्युअल नोडमुळे माहितीची हलवाहलव कमी होते. माझ्या मते हे अर्धेच खरे आहे. सरासरीने हलणारा हिस्सा तेवढाच राहतो, तो वर्तुळानेच कमी केलेला असतो. व्हर्च्युअल नोड टाळतात ते ४५ भाग एकदम हलण्याचे आणि एकाच्याच माथी बसण्याचे प्रसंग.

लेटन व लेविन यांनी १९९८ मध्ये अकामाय ही कंपनी काढली. ११ सप्टेंबर २००१ रोजी अपहरणकर्त्यांनी न्यूयॉर्कच्या मनोऱ्यावर आदळविलेल्या पहिल्या विमानात लेविन होते. वय अवघे एकतीस.

२००७ मध्ये अॅमेझॉनच्या अभियंत्यांनी आपल्या ‘डायनॅमो’ या साठवणयंत्रणेची हकीकत प्रसिद्ध केली. थोर क्षमतेच्या यंत्राला अधिक बिंदू देता येतात, हा लाभ त्यांनी नोंदविला. पण अडचणही लपविली नाही. नव्या सर्व्हरला द्यावयाचे तुकडे मनमानी जागी तुटलेले, म्हणून देणाऱ्याला आपला सारा साठा चाळून एकेक नोंद वेचावी लागे. ग्राहकांची सेवा अडू नये म्हणून हे काम मंद गतीने चाले, आणि खरेदीच्या हंगामात नवा सर्व्हर उभा राहावयास जवळजवळ एक दिवस लागे. अखेर त्यांनी वर्तुळ आधीच समान तुकड्यांत कापून ठेवले. कोणता तुकडा कोणाचा एवढेच मग ठरवावयाचे राहिले, आणि देताना वेचणी न करता तुकड्याची सबंध फाईलच उचलून देता येऊ लागली.