मनाच्या व्यापारांची वजाबाकी

विचार करण्यास काळ लागतो हें आज कोणासहि सांगावें लागत नाहीं. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत योहानेस म्यूलरसारखे थोर शरीरशास्त्रज्ञ मज्जातंतूंतील संदेशाचा वेग मोजतां येणें अशक्यच समजत होते. म्यूलरचाच शिष्य हेल्महोल्ट्स ह्यानें १८५० मध्यें बेडकाच्या मज्जातंतूवर प्रयोग करून तो वेग सेकंदास तीस मीटरांच्या आसपास आहे, असें दाखवून दिलें. मग मज्जातंतूस काळ लागतो तर मनास लागणार नाहीं काय, हा प्रश्न उघडच होता. तो हॉलंडांतील युट्रेख्टच्या डोंडर्स ह्यानें विचारला. हा गृहस्थ नेत्रवैद्यहि होता. चष्म्यांच्या शास्त्रांत त्याचें नांव आजहि घेतात.

डोंडर्स व त्याचा शिष्य डी यागर यांनीं १८६५ मध्यें प्रसिद्ध केलेला प्रयोग असा. माणसाच्या एका पायास विजेचा सौम्य झटका द्यावयाचा व त्यानें त्याच बाजूच्या हातानें खूण करावयाची. झटका कोणत्या पायास बसणार हें आधीं ठाऊक असलें तर जो वेळ लागे, त्याहून तें ठाऊक नसतां सुमारें एक पंधरांश सेकंद अधिक लागे. बाकी सर्व तेंच असल्यामुळें हा अधिक काळ पाय ओळखण्यास व हात निवडण्यास लागला असला पाहिजे, असें डोंडर्सनें अनुमान केलें.

पण ओळखणें आणि निवडणें हे दोन व्यापार होत. ते वेगळे करण्याची त्याची युक्ति आम्हांस फार सुंदर वाटते. काजळी धरलेल्या फिरत्या नळकांड्यावर आवाजाची रेषा उमटवणारें एक यंत्र होतें. शेजारीं नादकंटक आपल्या लाटा काढी, आणि त्या मोजल्या कीं काळ निघे. एकानें अक्षर उच्चारावें व दुसऱ्यानें तेंच परत म्हणावें. अक्षरें का, के, की, को, कू. आमच्या वाचकांस बाराखडी आठवल्यावांचून राहणार नाहीं! पहिल्या रीतींत ‘की’च येणार हें ठाऊक असे, प्रतिक्रियेस २०१ सहस्रांश सेकंद लागले. दुसरींत पांचांपैकीं कोणतेंहि येई व तेंच परत म्हणावें लागे, काळ २८४. तिसरींत कोणतेंहि आलें तरी ‘की’ आल्यासच बोलावयाचें, काळ २३७. तिसरींत ओळखावें लागतें, पण कोणता उच्चार करावा हें निवडावें लागत नाहीं. म्हणून २३७ मधून २०१ गेले कीं राहिलेले ३६ ओळखण्याचे, आणि २८४ मधून २३७ गेले कीं राहिलेले ४७ निवडीचे. हें सर्व त्यानें १८६८ मध्यें प्रसिद्ध केलें.

हिशेब चोख दिसतो. पण त्याच्या पोटांत एक गृहीत लपलेलें आहे. ओळखण्याचें काम घातलें किंवा काढलें तरी बाकीचीं कामें तशींच्या तशीं राहतात, असें हा हिशेब धरून चालतो. दिवाणखान्यांतून एक खुर्ची उचलली तर उरलेल्या खुर्च्या हलत नाहींत. मन तसें आहे काय?

पहिली शंका लाइपत्सिगच्या वुंटनें काढली. तिसऱ्या रीतींतहि बोलावें कीं न बोलावें ही निवड आहेच, असें त्याचें म्हणणें. म्हणून त्यानें ‘अक्षर ओळखतांच खूण करा’ अशी रीत सुचविली. परंतु माणसानें खरोखर ओळखून मग खूण केली, कीं आवाज कानावर पडतांच केली, हें तपासण्यास साधन नव्हतें. वुंटचाच शिष्य कॅटेल ह्यास आपले ह्या रीतीचे काळ साध्या प्रतिक्रियेइतकेच आढळले!

खरा घाव लुडविख लांगेच्या १८८८ मधील प्रयोगांनीं बसला. साध्या प्रतिक्रियेंतहि लक्ष येणाऱ्या आवाजाकडे ठेवलें तर काळ जास्त, आणि हात हलवण्याकडे ठेवलें तर कमी. फरक सुमारें दशांश सेकंदाचा, म्हणजे डोंडर्सच्या दोन्ही बाक्यांच्या बेरजेहूनहि मोठा. आतां पाहा. काय येणार हें ठाऊक असतां जीभ आधींच सज्ज होऊन बसते. ठाऊक नसतां तिला तसें बसतां येत नाहीं. मग वजाबाकींत उरतें तें निवडीचें मोल, कीं हरवलेल्या सज्जतेचें? आंकड्यावरून हें सांगतां येत नाहीं. क्यूल्पे ह्यानें १८९३ मध्यें हाच आक्षेप व्यापक करून मांडला. काम बदललें कीं सगळी प्रतिक्रियाच बदलते, असा त्याचा निर्णय. आमच्या मतें आक्षेप बरोबर होता, पण त्यामुळें ही वाट कित्येक वर्षें ओस पडली, ही हानि थोडी नव्हे.

तीवर पुन्हां वर्दळ आणली अमेरिकेंतील सॉल स्टर्नबर्ग ह्यानें, १९६६ मध्यें. त्यानें कामच काढून टाकण्याचें सोडून दिलें. एकापासून सहापर्यंत आंकडे लक्षांत ठेवावयास द्यावे, मग एक आंकडा दाखवून ‘हा त्यांत होता काय’ असें विचारावें. प्रत्येक वाढीव आंकड्यामागें उत्तराचा काळ सुमारें ३८ सहस्रांश सेकंदांनीं वाढला, आणि ही वाढ सरळ रेषेंत होती. कामाची जात तीच, माप मात्र वाढलेलें. त्यामुळें मघांची शंका येथें बरीच बोथट होते. मन आंकडे एकामागून एक तपासतें, असा अर्थ त्यानें लावला. तथापि सर्व आंकडे एकदमच, परंतु वांटून गेलेल्या शक्तीनें तपासले जात असले तरी नेमकी अशीच सरळ रेषा येऊं शकते, हें पुढें गणितानें दाखविलें गेलें आहे.