न सापडणारे वऱ्हाडपांडे

'वऱ्हाडपांडे' हे आडनाव एका संगणकावर नोंदवले आणि दुसऱ्या कळफलकावरून शोधले, तर अक्षर न् अक्षर सारखे दिसूनही 'नोंद सापडली नाही' असे उत्तर येऊ शकते. दोष शुद्धलेखनाचा नसून 'ऱ्ह'मधल्या अर्ध्या र चा आहे.

मराठीत जोडाक्षरातला आधीचा र दोन रूपे घेतो. 'आचार्यांना'मध्ये रफार येतो, तर 'आचाऱ्यांना'मध्ये पापणीसारखा आडवा र. पहिले गुरुजन, दुसरे स्वयंपाकी; तेव्हा संगणकालाही हा भेद जपणे भाग होते.

१९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तिची देवनागरी 'इस्की' या भारतीय प्रमाणावर बेतलेली होती. र नंतर हलन्त आला की रफार, हे ठरलेले होते. मग पापणीचा र कसा लिहायचा? १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यासाठी र, हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारे जोडचिन्ह, अशी रीत होती. पुढे इस्कीला अनुसरून ऱ आणि हलन्त ही रीत मुख्य ठरली. ऱ हे मुळात दाक्षिणात्य भाषांतील र च्या लिप्यंतरासाठी योजलेले अक्षर. मराठीला त्याचे अर्धे रूपच कामी आले! जुना मजकूर बिघडू नये म्हणून आधीची रीतही वैध राहिली. शिवाय ऱ हे अक्षर र खाली नुक्ता देऊनही घडते. अशा रीतीने एकाच आकृतीचे तीन संकेतक्रम झाले:

```
U+0931 U+094D
U+0930 U+093C U+094D
U+0930 U+094D U+200D
```

साधा शोध आकृती पाहत नाही, संकेत ताडतो. 'वऱ्हाड' या शब्दाची लांबी विचारली, तर पहिल्या रीतीत ६ आणि उरलेल्या दोन्हींत ७ असे उत्तर येते. गोंधळ ओळखण्याची हीच सोपी खूण.

यावर युनिकोडने सामान्यीकरण योजले. समतुल्य ठरवलेले क्रम तुलनेपूर्वी एका ठरावीक रूपात आणायचे, एवढाच त्याचा अर्थ. `NFC` या रूपात र आणि नुक्ता एकत्र येऊन ऱ होतो. पहिले दोन क्रम जुळतात. तिसरा मात्र तसाच राहतो. त्याला पहिल्याचा समतुल्य कधी ठरवलेच नाही, आणि जोडचिन्हाला सामान्यीकरण हात लावत नाही.

तेव्हा सगळी जोडचिन्हे पुसून टाकण्याचा मोह होतो. पण जोडचिन्ह गेले की तिसऱ्या क्रमात उरतो रफार, आणि आचारी थेट आचार्य होऊन बसतात. त्याऐवजी सामान्यीकरणानंतर तेवढाच एक क्रम बदलावा लागतो:

```
k = unicodedata.normalize("NFC", s)
k = k.replace("\u0930\u094D\u200D", "\u0931\u094D")
```

हे रूप केवळ शोधासाठी वेगळ्या रकान्यात ठेवतात आणि शोधशब्दावरही हाच संस्कार करतात. मूळ नोंद जशी लिहिली गेली तशीच राहते. 'वर्हाडपांडे' असा रफार देऊन टंकलेले नाव मात्र यानंतरही वेगळेच उरते, कारण ते खरोखरच वेगळे लेखन आहे.