शाळेचे सुट्टीचे परिपत्रक आणि खालची संमतीची चिठ्ठी: एका पानात काय असावे?

दिवाळी किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीआधी शाळा पालकांना परिपत्रक पाठवते. आता ते बहुतेक ठिकाणी वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका पानाच्या पीडीएफ फाईलमधून येते. वर सूचना असते, मध्ये तुटक रेघ असते आणि खाली पालकांनी सही करून परत द्यायची चिठ्ठी असते.

दोन भाग, दोन मालक

रेघेवरचा भाग पालकांच्या घरी राहतो आणि खालचा शाळेत जातो. चिठ्ठी फाडल्यावर दोन्ही तुकडे स्वतंत्रपणे वाचता आले पाहिजेत. परिपत्रकातल्या बहुतेक चुका हे न पाळल्याने होतात.

उदाहरणार्थ, एखादी शाळा 2026 च्या दिवाळी सुट्टीत दहावीसाठी जादा वर्ग घेणार आहे असे समजू. वरच्या भागात असा मजकूर येईल:

> गुरुवार, दि. 5 नोव्हेंबर ते शनिवार, दि. 21 नोव्हेंबर 2026 (दोन्ही दिवस धरून) शाळेस दिवाळीची सुट्टी राहील. सोमवार, दि. 23 नोव्हेंबर रोजी शाळा नेहमीच्या वेळेत भरेल. इयत्ता दहावीचे जादा वर्ग दि. 16 ते 20 नोव्हेंबर या काळात सकाळी 8 ते 11 या वेळेत होतील. खालील चिठ्ठी शुक्रवार, दि. 30 ऑक्टोबरपर्यंत वर्गशिक्षकांकडे द्यावी.

‘21 पर्यंत सुट्टी’ एवढेच लिहिले, तर शाळा 21 ला भरणार की नंतर, असा प्रश्न ग्रुपवर हमखास येतो. म्हणून शाळा पुन्हा भरण्याचा दिवस वेगळा लिहितात.

खालच्या चिठ्ठीत हे येईल:

> माझा पाल्य / माझी पाल्या ____________ इयत्ता दहावी, तुकडी ___, हजेरी क्र. ___
> दि. 16 ते 20 नोव्हेंबर 2026 च्या जादा वर्गांना
> ☐ येईल ☐ येणार नाही
> वर्गानंतर ☐ एकटा/एकटी घरी जाईल ☐ न्यायला येऊ
> त्या वेळेत लागणारा मोबाईल क्र. ____________
> पालकांचे नाव, सही व दिनांक ____________

वर्गांच्या तारखा इथे पुन्हा आल्या आहेत. त्या नसत्या, तर शाळेकडे फक्त ‘माझी संमती आहे’ असा कागद उरला असता आणि संमती कशाला दिली ते त्यावरून कळले नसते. उलट, चिठ्ठी परत देण्याची तारीख फक्त खाली छापली, तर चिठ्ठी दिल्यावर ती पालकांकडे राहत नाही. शाळेचा फोन नंबरही वरच्याच भागात हवा.

‘येणार नाही’ हा पर्याय का हवा?

चिठ्ठीत फक्त होकाराची जागा असेल, तर न आलेल्या चिठ्ठीचा अर्थ लागत नाही. पालकांनी नकार दिला, की चिठ्ठी दप्तरातच राहिली? दोन चौकोन असले की शिक्षकांना फक्त न आलेल्या चिठ्ठ्यांचा पाठपुरावा करावा लागतो. ‘कळवले नाही तर संमती समजली जाईल’ हे वाक्य सोयीचे वाटते. पण ज्यांच्यापर्यंत परिपत्रक पोहोचलेच नाही, त्यांचीही त्यात संमती धरली जाते.

फाईल बनवताना

ए-4 कागद 297 मिलिमीटर उंच असतो. खालचा एक तृतीयांश, म्हणजे 99 मिलिमीटर, चिठ्ठीला पुरतो. वरच्या मजकुरात दोन ओळी वाढल्या की वर्डमध्ये चिठ्ठी दुसऱ्या पानावर सरकते, म्हणून पीडीएफ केल्यावर पाने मोजावीत. मागच्या बाजूला चिठ्ठीच्या जागी काही छापू नये. चिठ्ठीबरोबर तेही शाळेत जाते.

वर्ड फाईल तशीच पाठवली आणि मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमध्ये असला, तर तो फॉन्ट नसलेल्या फोनवर निरर्थक चिन्हे दिसतात. पीडीएफमध्ये फॉन्ट फाईलबरोबरच जातो, त्यामुळे अक्षरे तशीच दिसतात. फाईल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी. फोटो म्हणून पाठवल्यास अक्षरे पुसट होतात आणि पुढे पाठवताना खालची चिठ्ठी अनेकदा कापली जाते.

घरी प्रिंटर नसलेल्या पालकांसाठी वर्गात छापील प्रत द्यावी लागते, किंवा चिठ्ठीचा मजकूर वहीच्या कागदावर लिहून सही केली तरी चालेल, असे परिपत्रकातच लिहावे लागते.

आलेले परिपत्रक खरे की जुने?

सुट्टीच्या दिवसांत मागच्या वर्षीचे परिपत्रकही फिरत येते. आधी जावक क्रमांक, दिनांक, मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का पाहावा. मग तारीख आणि वार जुळतात का ते कॅलेंडरवर तपासावे. 8 नोव्हेंबरला 2026 मध्ये रविवार येतो, 2025 मध्ये शनिवार होता. वार चुकत असेल, तर फाईल पुढे न पाठवता वर्गशिक्षकांना विचारावे.